बंद घराचं कुलूप आणि त्याचा फोटो: थोडी पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की कोकणातल्या वाड्यांमधून मुंबईकडे कुलपांचे फोटो जाऊ लागतात. वर्षभर बंद असलेलं घर उघडायचं असतं. किल्ली गिरगावच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्यातरी खणात हरवलेली असते, नाहीतर कुलूपच गंजून बसलेलं असतं. गावातला चुलतभाऊ फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘दादा, ह्याची किल्ली मिळता काय बघ.’ दादा तो फोटो घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि दुकानदार मान हलवतो. फोटोवरून त्याने कुलूप ओळखलेलं असतं, पण किल्ली देणं त्याच्या हातात नसतं. ही अडचण आजची नाही. तिच्या मागे दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजला तर फोटोत काय शोधायचं हेही समजतं.

जुन्या काळी कोकणातल्या घराला आतून आगळ असायची आणि बाहेर कडी-कोयंडा. बाहेरून कुलूप लावायची खरी गरज पडली ती माणसं गिरण्यांसाठी मुंबईला जाऊन घरं बंद राहू लागली तेव्हा. त्या काळच्या स्वस्त कुलपांत आत पत्र्याचे पक्के अडथळे बसवलेले असत आणि किल्लीच्या दात्याला त्या जागी खाचा असत. खाच जुळली की किल्ली फिरली, एवढाच बंदोबस्त. त्यामुळे मधला भाग झिजवून बारीक केलेली किल्ली अशी अनेक कुलपं उघडत असे. जुन्या पत्र्याच्या ट्रंकांना अजून अशी कुलपं सापडतात. त्यांच्यापुरतं फोटोवरून काम भागू शकतं. किल्लीचं भोक कसं आहे ते पाहून दुकानदार जुन्या किल्ल्यांच्या जुडग्यातून चार-पाच काढतो आणि त्यांतली एखादी लागते.

ही सोय संपली ती लिव्हरच्या कुलपाने. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरनने १७७८ साली अशा कुलपाचं पेटंट घेतलं. आत एकावर एक ठेवलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या म्हणजे लिव्हर. किल्लीचा प्रत्येक दाता आपापली पट्टी उचलतो, आणि ती नेमकी ठरलेल्या उंचीवर आली पाहिजे. कमी उचलली तर कुलूप अडतं, जास्त उचलली तरी अडतं. पोर्ट्समथच्या गोदीत झालेल्या घरफोडीनंतर १८१८ मध्ये जेरेमाया चबने त्यात भर घातली. त्याच्या कुलपात चुकीच्या किल्लीने पट्टी फार वर गेली की ती तिथेच अडकून बसायची, आणि कुणीतरी हात लावल्याचं मालकाला कळायचं.

अशी कुलपं आधी विलायतेहून येत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अलीगढमध्ये या धंद्याची पाळंमुळं रुजली आणि अलीगढी कुलपं देशभर पसरली. आपल्याकडची गोष्ट मात्र लालबागची आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागमध्ये गॅस कंपनीच्या शेजारी एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. लालबाग-परळ म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गिरणी कामगारांची वस्ती. गावच्या दाराला लागणारं कुलूप तो कामगार राहत होता तिथेच तयार होऊ लागलं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही, हीच तर त्या कुलपांची जाहिरात होती. आज दुकानदार मान हलवतो त्याचं मूळ इथे आहे. ब्रँड जुळला म्हणून किल्ली जुळू नये, याच हेतूने ते कुलूप घडवलेलं आहे.

अर्देशिरांचं दुसरं काम कोकणच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. लिव्हरच्या साध्या कुलपात प्रत्येक पट्टीला खाली दाबून धरणारी एक बारीक स्प्रिंग असते. खाऱ्या दमट हवेत आधी तीच जाते. स्प्रिंग तुटली की पट्टी लोंबकळते आणि मूळची किल्लीसुद्धा फिरत नाही. अर्देशिरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनस्प्रिंगचं कुलूप काढलं, ते या दुखण्यावरचा उपाय म्हणून. पुढे १९५४ मध्ये गोदरेजचं नवताल आलं आणि मराठी घरांत ‘चांगलं कुलूप’ म्हणजे नवताल असं होऊन बसलं. पितळी अंग, समोर ठसठशीत अक्षरं आणि लिव्हरची संख्या: पाच, सहा, सात किंवा आठ. कोकणातल्या बंद घरांवर आजही याच घराण्याची, किंवा त्याची नक्कल केलेली, कुलपं सगळ्यात जास्त दिसतात.

आता फोटोकडे येऊ. गुहागर तालुक्यातल्या एका बंद घराचं उदाहरण घ्या. पहिल्या फोटोत काळपट, चौकोनी, खालच्या कडांना गोलाई असलेलं कुलूप दिसतं. अक्षरं वाचता येत नाहीत. समुद्राजवळच्या पितळेवर काळा थर आणि हिरवा कळंक चढतो आणि छाप त्यात बुडून जातो. मग भावाला सांगायचं की चिंच किंवा आमसूल फडक्याला लावून फक्त समोरचा भाग घास, लगेच ओल्या कापडाने पूस, किल्लीच्या भोकात आंबट पाणी जाऊ देऊ नकोस. त्यानंतरचा फोटो सरळ समोरून न काढता सकाळच्या तिरप्या उन्हात काढायचा. उथळ छापाच्या कडेला सावली पडते आणि झिजलेली अक्षरंही उठून येतात. आमच्या उदाहरणात इतकं केल्यावर सातचा आकडा आणि त्याखाली लिव्हर हा शब्द वाचता आला. ब्रँडच्या नावातली दोन अक्षरं पूर्ण झिजली होती. इथे घाई करू नये. मोठ्या ब्रँडच्या नावात एखादं अक्षर फिरवून विकली जाणारी कुलपं बाजारात भरपूर आहेत, आणि त्यांचे छाप बहुधा उथळ आणि वाकडे असतात.

दुसरा फोटो किल्लीच्या भोकाचा. भोक समोरच्या तोंडावर असेल आणि त्यावर सरकणारं झाकण असेल, तर ते जुन्या घाटाचं लिव्हरचं किंवा त्याहून साधं कुलूप. भोक तळाला असून आत पोकळी दिसते, चपट्या पट्ट्यांच्या कडा दिसतात, तर लिव्हरचं. भोक म्हणजे नागमोडी चीर असेल आणि भोवती वेगळ्या धातूची गोल चकती असेल, तर पिनांचं. हे पिनांचं कुलूप अमेरिकेत लायनस येलने १८६० च्या दशकात आजच्या रूपाला आणलं. त्याची किल्ली करवतीसारखी दातेरी असते. अलीकडच्या महागड्या कुलपांत दात्यांऐवजी किल्लीच्या सपाट अंगावर खळगे असतात. दाराच्या लॅचलाही बहुतेक हेच पिनांचं कुलूप असतं, म्हणून लॅचच्या फोटोत दाराची कड आणि आतली बाजू दोन्ही हवीत.

तिसरा फोटो मापाचा, आणि बदली कुलूप घ्यायचं तर हाच निर्णायक. कोयंड्याचं भोक ठरलेलं असतं. कुलपाची कडी जाड निघाली तर ती त्यात जाणारच नाही, बारीक निघाली तर कुलूप डुगडुगेल. दहा रुपयांचं नाणं कुलपाला अगदी टेकवून, कुलपाच्याच पातळीत धरायचं. एक, दोन आणि पाच रुपयांच्या नाण्यांचे आकार मालिकेगणिक बदललेत, पण दहाचं दोन धातूंचं नाणं २७ मिलिमीटरचंच राहिलं आहे. फोन फार जवळ नेला की जवळची कड फुगते आणि माप चुकतं, म्हणून हातभर लांबून झूम करावं. फोटो मोबाइलवर उघडून मोजपट्टी लावली तेव्हा नाणं १८ मिलिमीटर भरलं आणि कडीची जाडी ६. म्हणजे खरी कडी २७ भागिले १८ गुणिले ६, म्हणजे ९ मिलिमीटर. याच पद्धतीने कुलपाची रुंदी ६३ च्या आसपास आली. दुकानात सांगायला एवढं पुरतं: लिव्हरचं, पितळी, साधारण ६५ रुंद, कडी ९ ची. कडीच्या आतली उंचीही मोजून सांगावी. जुन्या जाड लाकडी चौकटीवरचा कोयंडा बराच बाहेर येतो आणि बुटक्या कडीचं कुलूप तिथे बसत नाही.

किल्ली मात्र यातून मिळत नाही. सात लिव्हर आहेत एवढं कळलं, पण प्रत्येक पट्टी किती उचलायची हे कुलपाच्या बाहेर कुठेच लिहिलेलं नसतं. समजा प्रत्येक पट्टीला चार उंच्या शक्य आहेत, तरी साताच्या मिळून १६,३८४ जुळण्या होतात. दुकानातून तीच बनावट, तेच लिव्हर, तीच रुंदी असलेलं कुलूप आणून त्याची किल्ली जुन्याला लावून बघणारे लोक आहेत. त्यांचे पैसे सहसा वाया जातात.

उलट किल्लीचा फोटो असेल तर गोष्ट अगदी वेगळी. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी नुसत्या फोटोवरून दातेरी किल्लीची मापं काढून दाखवली, तीही गच्चीवरून सुमारे ६० मीटर अंतरावर ठेवलेल्या किल्लीची. म्हणून जुडगा सापडला तर त्याचा फोटो चाळीस माणसांच्या घराण्याच्या ग्रुपवर टाकू नये. एका माणसाला पाठवावा, आणि किल्लीवर क्रमांक कोरलेला असेल तर तो सगळ्यांना दिसेल असा ठेवू नये. काही ब्रँडमध्ये त्या क्रमांकावरूनच खाचा ठरतात.

फोटोसोबत एक छोटा व्हिडिओही मागवावा, जर मूळ किल्ली हाताशी असेल तर. किल्ली आत जाते, थोडी फिरते आणि अडते, असं दिसलं तर दोष बहुधा किल्लीचा नसतो. स्प्रिंग तुटलेली असते किंवा पट्ट्या कळंकाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. अशा वेळी पातळ मशीन ऑइलचे दोन-चार थेंब घालून रात्रभर ठेवावं. कोकणात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात. ते आत धूळ धरतं, थंडीत थिजतं, आणि पुढच्या वर्षी तेच दुखणं दुप्पट होऊन येतं.

गुहागरच्या त्या घराला किल्लीच नव्हती. तिथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे चिपळूणहून किल्लीवाला बोलावणं. तो कोऱ्या किल्लीला काजळी धरून आत फिरवतो, पट्ट्यांचे ठसे पाहतो आणि कानशीने थोडं थोडं घासत जातो. सात लिव्हरला त्याचे दोन-तीन तास जातात, आणि आतल्या पट्ट्या गंजल्या असतील तर ठसे नीट उमटतच नाहीत. भोकाच्या फोटोत हिरवी पूड दिसत होती, म्हणून भावांनी दुसरी वाट घेतली. कडी कापायची, आणि कापण्याआधी तिच्यावर ‘हार्डन्ड’ असा छाप आहे का ते बघायचं. तो असेल तर हातातल्या करवतीचं पातं नुसतं घसरत राहतं आणि ग्राइंडर लागतो. त्या कडीवर छाप नव्हता.