‘डिफाइन’ आणि ‘स्टेट’: मराठीत दोन्ही ‘लिहा’, पण उत्तरं वेगळी

मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला आलेली मुलं जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन बसतात, तेव्हा त्यांचं विज्ञान कच्चं नसतं. विभवांतर म्हणजे काय, विद्युतधारा कशाने वाढते हे त्यांना नीट माहीत असतं. शब्दही आठवड्याभरात बसतात: विभवांतर म्हणजे पोटेन्शियल डिफरन्स, रोध म्हणजे रेझिस्टन्स, अपवर्तनांक म्हणजे रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स. बालभारतीच्या मराठी पुस्तकात या संज्ञा इंग्रजीतही दिलेल्या असतात, त्यामुळे दोन रकाने आखून वही भरण्यात दिवस घालवू नयेत. प्रश्नातली बरीच क्रियापदंही सोपी आहेत. ‘गिव्ह सायंटिफिक रीझन्स’ म्हणजे शास्त्रीय कारणं, आणि ‘डिस्टिंग्विश’ म्हटलं काय किंवा ‘डिफरन्शिएट’ म्हटलं काय, फरकच लिहायचा.

घोळ होतो तो ‘डिफाइन’ आणि ‘स्टेट’ या जोडीत. मराठी प्रश्नपत्रिकेत ‘व्याख्या लिहा’ आणि ‘नियम लिहा’ असं येतं. दोन्हीकडे क्रियापद एकच, आणि दहा वर्षं दोन्हींची तयारी आपण सारखीच केलेली असते: चौकटीतलं वाक्य पाठ करायचं. इंग्रजीत मात्र क्रियापदच सांगतं की उत्तर कोणत्या जातीचं हवंय. व्याख्या हा माणसांनी ठरवलेला करार असतो. नियम हा निसर्गाबद्दलचा दावा असतो, आणि तो कोणत्या अटीवर खरा आहे हे त्या दाव्यातच सांगावं लागतं.

ओहमचा नियम घ्या. ‘स्टेट ओहम्स लॉ’ या प्रश्नाला असंख्य मुलं V = IR लिहून पुढे जातात. हे उत्तर अपुरं आहे, आणि का अपुरं आहे हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

रोधाची व्याख्या अशी: वाहकाच्या टोकांमधलं विभवांतर आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा यांचं गुणोत्तर म्हणजे रोध. R = V/I. ही व्याख्या कोणत्याही वस्तूला लावता येते, कारण कुठलीही दोन मोजमापं घेऊन भागाकार करता येतो. मग V = IR म्हणजे तीच व्याख्या फिरवून लिहिलेली. ती कधीच खोटी ठरणार नाही, म्हणूनच तिच्यात निसर्गाबद्दल काहीही सांगितलेलं नाही. ओहमने धातूच्या तारांवर मोजमापं करून १८२७ साली जे प्रसिद्ध केलं ते याहून जास्त होतं: तारेची अवस्था तीच राहिली, तर विभवांतर कितीही बदला, हे गुणोत्तर बदलत नाही.

आकडे घालून पाहू. एका नायक्रोमच्या तारेला १ व्होल्ट लावला तर ०.२ अँपिअर धारा मिळाली, २ व्होल्टला ०.४, ३ व्होल्टला ०.६. भागाकार दर वेळी ५ ओहम. या तारेने नियम पाळला. आता टॉर्चचा तंतूवाला बल्ब घ्या. ०.५ व्होल्टला समजा ०.१२५ अँपिअर धारा आली, म्हणजे रोध ४ ओहम. २.५ व्होल्टला ०.३ अँपिअर आली, म्हणजे रोध साधारण ८.३ ओहम. तंतू तापला आणि रोध दुपटीवर गेला. दोन्ही वेळी R = V/I ही व्याख्या बिनचूक लागू पडली, पण धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढली नाही. कारण तापमान तेच राहण्याची अट इथे मोडली. व्याख्या आणि नियम एकच असते तर हा बल्ब आपल्याला समजावूनच सांगता आला नसता.

प्रश्न समोर आला की स्वतःला एवढंच विचारा: मी लिहितोय ते प्रयोगात खोटं ठरू शकतं का? ठरू शकत असेल तर तो नियम, नसेल तर व्याख्या. आणि नियम असेल तर अट लिहिलीच पाहिजे.

अट सुटते कुठे, हे मराठी माध्यमाच्या मुलांनी मुद्दाम पाहावं. मराठीत आपण म्हणतो, ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना, वाहकातून वाहणारी विद्युतधारा ही त्याच्या टोकांमधील विभवांतराशी समानुपाती असते.’ अट सुरुवातीलाच येते, ती विसरणं अवघड. इंग्रजी उत्तरात पुष्कळदा ती शेपटाला असते: ‘द करंट फ्लोइंग थ्रू अ कंडक्टर इज डायरेक्टली प्रपोर्शनल टू द पोटेन्शियल डिफरन्स अक्रॉस इट्स एंड्स, प्रोव्हायडेड इट्स फिजिकल कंडिशन्स रिमेन अनचेंज्ड.’ पाठांतर ‘एंड्स’पाशी संपतं आणि नियमाचा अर्धा जीव बाहेर राहतो. माझा आग्रह आहे की सुरुवातीचं वर्षभर इंग्रजीतही अट आधी लिहावी: ‘इफ द फिजिकल स्टेट ऑफ अ कंडक्टर रिमेन्स कॉन्स्टंट...’ इंग्रजी म्हणून ते तितकंच शुद्ध आहे. बॉइलच्या नियमातही असंच, ‘अ‍ॅट कॉन्स्टंट टेंपरेचर’ आणि ‘फॉर अ गिव्हन मास ऑफ गॅस’ हे आधी मांडून मगच दाब आणि आकारमानाकडे जावं.

व्याख्येचा साचा निराळा. ‘इज डिफाइन्ड अ‍ॅज द रेशो ऑफ’, ‘द प्रॉडक्ट ऑफ’, ‘पर युनिट’ असे तुकडे जुन्या उत्तरांत पुन्हा पुन्हा दिसतील. इथे एक खाच आहे: ‘डिफाइन वन ओहम’ याचं उत्तरही ‘इफ’ने सुरू होऊ शकतं, कारण १ व्होल्ट विभवांतराला १ अँपिअर धारा वाहत असेल तर रोध १ ओहम, असं ते असतं. म्हणजे ‘इफ’ दिसला की नियम, असं समजू नका. वर सांगितलेला प्रश्नच विचारा. एककाची व्याख्या ठरवलेली असते, ती प्रयोगात खोटी ठरत नाही. उलट ‘स्टेट द एसआय युनिट’ किंवा ‘स्टेट एनी टू यूजेस’ आलं तर तिथे ‘स्टेट’ म्हणजे नुसतं सांगा. ओळभर उत्तर पुरे.

काही सराव संचांत ‘डिफाइन ओहम्स लॉ’ असा प्रश्न छापलेला असतो. याची मला मनापासून चीड आहे, कारण मुलांच्या डोक्यातला गोंधळ तिथूनच पक्का होतो. असा प्रश्न दिसला तर पेन्सिलने ‘स्टेट’ करून घ्या आणि उत्तर नियमाचं लिहा.

सरावासाठी सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे दहावीच्या एकाच परीक्षेची मराठी आणि इंग्रजी माध्यमाची विज्ञानाची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवणं. मराठीतला प्रत्येक ‘लिहा’ शोधा आणि त्याच्या जागी इंग्रजीत काय आलंय ते पाहा. मग उत्तर मराठी पुस्तकात न बघता इंग्रजीत लिहा, आणि इंग्रजी माध्यमाच्या बालभारतीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मिळतात. ताडताना शब्द जुळतात का हे बघू नका. अट आली का, आणि कोण कोणाच्या प्रमाणात हे बरोबर आलं का, एवढंच तपासा.

ओहमनंतर दुसरी जोडी प्रकाशाची घ्या. ‘डिफाइन रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स’ आणि ‘स्टेट द लॉज ऑफ रिफ्रॅक्शन’ या दोन्ही उत्तरांत sin i / sin r येतो. हवेतून काचेत जाताना आपाती कोन ३० अंश असेल, तर १.५ अपवर्तनांकाच्या काचेत अपवर्तन कोन सुमारे १९.५ अंश येतो. ६० अंश असेल तर सुमारे ३५.३. कोनांचं गुणोत्तर बदललं, पण साइन्सचं गुणोत्तर दोन्ही वेळी १.५ राहिलं. ते स्थिर राहतं हा नियम, आणि त्या स्थिर संख्येचं नाव अपवर्तनांक ही व्याख्या. यात ‘फॉर अ गिव्हन पेअर ऑफ मीडिया’ कोणत्या उत्तरात आणि का हवं, ते आता पुस्तक न उघडता लिहून पाहा.