सेव्ह कुठे होते त्यावर छातीची धडधड

मे महिन्यातली दुपार, मानेवाड्याला आमच्याकडे लाईट गेली, कूलर बंद आणि आतल्या खोलीतून भाच्याची बोंब, "मामा, चार फाईट जिंकलो होतो, पाचवीच राहिली होती!" यूपीएस नव्हता. गेम ऑटोसेव्ह करायचा फक्त दरवाज्यावर, म्हणजे पहिल्या फाईटच्या आधी, आणि पोट्टा सेव्हचं F5 बटण दाबायला विसरला.

मग कागदावर हिशेब करून पाहिला. समजा एक फाईट 3 मिनिटांची, आणि दहापैकी आठ वेळा तुम्ही जिंकता. मध्ये चेकपॉइंट नसेल तर पाचही सलग जिंकायची शक्यता जेमतेम 33 टक्के, आणि हरलं की पहिल्यापासून सुरू, त्यामुळे पार व्हायला सरासरी दहाएक फाईट लागतात, म्हणजे 31 मिनिटं. प्रत्येक फाईटनंतर चेकपॉइंट दिला तर सव्वासहा फाईट, 19 मिनिटांत काम. शत्रू तेच, हात तेच.

पण खरी गंमत वेळेत नाही. चेकपॉइंट असले तर कधीही हरा, फार तर 3 मिनिटं जातात. नसले तर पाचव्या फाईटला आधीची 12 मिनिटं टांगलेली असतात, म्हणून तिथेच हाताला घाम सुटतो.

आता हवं तेव्हा सेव्ह करता येत असेल तर? F5 ने सेव्ह, चुकलं की F9 ने लोड, काही लोक तर दर वीस पावलांवर दाबतात, मग भीती कसली राहते! 1996 च्या रेसिडेंट ईव्हिलने यावर भारी तोड काढली होती: सेव्ह करायचं तर टाइपरायटर गाठायचा, आणि दरवेळी एक शाईची रिबन खर्च. रिबन मोजक्याच, त्यामुळे आत्ता वापरू की पुढच्या टाइपरायटरपर्यंत ताणू, ही धाकधूक तुमची तुम्हीच ओढवून घेता.

ऑटोसेव्हचा घोळ वेगळा. जीव 2 टक्के उरलाय, गोळी हवेत आहे आणि नेमकं तेव्हाच सेव्ह झालं, तर लोड केलं की मेलात, परत लोड, परत मेलात. एकच स्लॉट असेल तर खेळ संपला समजा. म्हणून बरेच गेम आधी आसपास शत्रू आहे का ते बघतात आणि जुने दोन-तीन ऑटोसेव्हही ठेवतात. लाईटसाठी पण युक्ती आहे, नवी फाईल आधी पूर्ण लिहायची आणि मगच जुनीच्या जागी बसवायची, नाहीतर लिहिता लिहिता लाईट गेली तर अर्धवट फाईल राहते आणि मागचंही जातं.

भाचा आता प्रत्येक फाईटनंतर F5 दाबून राहिला. काल विचारत होता, "मामा, शेवटचा बॉस एवढा फालतू काऊन वाटला?"