बलस्थाने पुराव्यानिशी सांगणे (नोकरीची मुलाखत)

‘तुमची बलस्थाने सांगा’ या मुलाखतीतल्या प्रश्नाला विशेषणांऐवजी घडलेल्या कामाचे दाखले देऊन उत्तर देण्याची पद्धत. उमेदवार त्या पदाच्या कामाशी जुळणारी तीन बलस्थाने निवडतो आणि प्रत्येकासाठी एक प्रसंग, त्यातली स्वतःची कृती आणि तिचा मोजता येणारा परिणाम सांगतो.

या पद्धतीमागचा विचार मुलाखत घेणाऱ्यांकडून आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये ‘क्रिटिकल इन्सिडंट’ तंत्रावरचा लेख प्रसिद्ध केला. माणसाच्या स्वभावाबद्दल मत विचारण्यापेक्षा काम साधले किंवा फसले अशा नेमक्या प्रसंगात त्याने काय केले, ते गोळा करावे, हा त्याचा गाभा. १९८०च्या दशकात संशोधक टॉम जांझ यांनी त्याच धर्तीवर, पूर्वी केलेल्या वर्तनाबद्दल विचारणारी मुलाखत-पद्धत मांडली. आज ‘एखादा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही…’ असे सुरू होणारे प्रश्न सर्रास विचारले जातात, ते या परंपरेतले.

‘मी मेहनती, प्रामाणिक आणि टीममध्ये मिसळणारी आहे’ हे वाक्य खोटे असेलच असे नाही; पण ते तपासता येत नाही, आणि बाहेर बसलेले इतर उमेदवारही तेच म्हणणार असतात. मुलाखत घेणाऱ्याच्या कागदावर त्यातून काहीच उतरत नाही. दाखला दिला की त्याला पुढचा प्रश्न विचारायला जागा मिळते, आणि खरे काम केलेल्या माणसाला तो प्रश्न सोयीचाच असतो.

निवड स्वतःपासून सुरू केली की चुकते. ती जाहिरातीपासून सुरू करावी. समजा, भोसरीतल्या एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्याला अकाउंट्स असिस्टंट हवा आहे. जाहिरातीत दरमहा जीएसटी रिटर्न, पुरवठादारांच्या खात्यांचा ताळमेळ, येणे वसुलीचा पाठपुरावा आणि ‘स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी’ असे लिहिले आहे. कागदाच्या डाव्या बाजूला ही कामे लिहावीत. उजव्या बाजूला, स्वतः केलेले आणि ज्याचा आकडा किंवा कागद दाखवता येईल असे काम प्रत्येकापुढे लिहावे. ज्या ओळीची उजवी बाजू कोरी राहते, त्या कामाला बलस्थान म्हणू नये.

उमेदवार एका हार्डवेअरच्या घाऊक दुकानात तीन वर्षे हिशेब सांभाळते आहे, असे धरू. तिच्या यादीत बिलांचा ताळमेळ, उधारी वसुली, मालक बाहेरगावी असताना रिटर्न वेळेवर भरणे, नव्या मुलांना टॅली शिकवणे आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणे अशा पाच गोष्टी निघतात. नव्या मुलांना शिकवणे हे खरेच कौतुकाचे काम. पण या पदाच्या हाताखाली कोणी नाही, म्हणून ते वगळायचे. गिऱ्हाइकांशी बोलणे वसुलीतच येऊन जाते. उरली ती तीन. तीन का, तर पुराव्यासह एक बलस्थान सांगायला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि दीड मिनिटानंतर ऐकणाऱ्याचे लक्ष पातळ होते. पाच सांगितली तर प्रत्येकाचा पुरावा गळून पुन्हा विशेषणेच उरतात.

आता पहिले बलस्थान जवळून पाहू. ‘मी अचूक काम करते’ हे विशेषण. त्यामागचे काम असे: खरेदीवर दिलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घ्यायचे तर पुरवठादाराने आपले बिल जीएसटी पोर्टलवर चढवलेले असावे लागते; जानेवारी २०२२ पासून, पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या विवरणात न दिसणाऱ्या बिलाचे क्रेडिट घेता येत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्या पुरवठादाराची मुदत ११ तारखेला संपते, २बी १४ तारखेला तयार होते आणि आपले दरमहाचे रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत भरायचे असते. दुकानात ताळमेळ १८-१९ तारखेला व्हायचा. तेव्हा सुटलेले बिल सापडले तरी पुरवठादाराची मुदत उलटलेली असे आणि क्रेडिट पुढच्या महिन्यावर जाई. मुलाखतीत हे तिने असे सांगावे:

“सर, आमच्याकडे महिन्याला साधारण १४० खरेदी बिलं येतात. आधी त्यातली अठरा-वीस २बीमध्ये सापडायची नाहीत. मी दर महिन्याच्या ५ तारखेला नेहमी उशीर करणाऱ्या पुरवठादारांना त्यांच्या बिलांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला लागले, म्हणजे ११ तारखेच्या आत ती चढवली जातात. सहा महिन्यांत न सापडणारी बिलं चार-पाचवर आली.”

यात ‘अचूक’ हा शब्द एकदाही आलेला नाही. आधीची स्थिती, स्वतःची कृती आणि नंतरची स्थिती हे तिन्ही आहे. १४० हा पाया सांगितल्यामुळे अठरा-वीस म्हणजे किती, हेही कळते. जाणकार मुलाखतकार पुढे विचारील, “उरलेली चार-पाच का राहिली?” काही ठिकाणी पुरवठादाराने बिल क्रमांक ‘०४५’ असा चढवलेला असतो आणि आपल्या नोंदीत ‘४५’ असतो, त्यामुळे बिल असूनही जुळत नाही, काही पुरवठादार विवरणच उशिरा भरतात. हे उत्तर फक्त ते काम हाताने केलेल्यालाच सुचते. म्हणून तयारीत उत्तर पाठ करण्यापेक्षा प्रत्येक दाखल्यावर येऊ शकणारे दोन-तीन उपप्रश्न लिहून काढणे जास्त उपयोगी.

वसुलीच्या दाखल्यात आकडा दिशाभूल करू शकतो. ‘६० दिवसांवरची उधारी १४ लाखांवरून ६ लाखांवर आणली’ हे ऐकायला छान. पण त्याच काळात विक्रीच घटली असेल तर त्याला अर्थ नाही. एकूण येणे आधी ४० लाख आणि नंतर ४२ लाख होते, हे जोडले की दावा उभा राहतो. गिऱ्हाइकांची नावे मात्र सांगू नयेत. जुन्या मालकाची माहिती इथे उघड करणारा उद्या आपलीही करील, हे समोरच्याच्या मनात येतेच.

मराठी उमेदवारांच्या उत्तरात वारंवार दिसणारी अडचण म्हणजे ‘आम्ही’. ‘आम्ही सिस्टीम बदलली’ म्हणण्यात नम्रता असते, पण उमेदवाराचा वाटा त्यात दिसत नाही. ‘ठरवलं मालकांनी, यादी मी बनवली आणि फोन मी केले’ असे वाटून सांगितले तर श्रेय लाटल्यासारखेही होत नाही. उलट चूक म्हणजे आकडा फुगवणे; तो दुसऱ्या उपप्रश्नाला कोसळतो आणि बाकीच्या दोन खऱ्या दाखल्यांवरचा विश्वासही घेऊन जातो. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘साधारण इतके ते इतके’ असा अंदाज सांगावा आणि तो कशावरून काढला, तेही सांगावे.

तिसऱ्या, म्हणजे स्वतंत्रपणे काम करण्याच्या, बलस्थानासारखे काही गुण आकड्यात बसत नाहीत. तिथे घटना पुरते: मालक दहा दिवस बाहेरगावी होते, रिटर्नची कोणती रक्कम फोनवर विचारून घेतली, कोणता निर्णय स्वतः घेतला आणि रिटर्न कोणत्या तारखेला भरले. नुकत्याच पदवीधर झालेल्या उमेदवाराकडे नोकरीचा दाखला नसतो. पण कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा किंवा गणेश मंडळाचा जमाखर्च त्याने सांभाळला असेल, तर किती पावत्या फाडल्या, हिशेब कितीने चुकत होता आणि फरक कसा शोधला, हे त्याच साच्यात सांगता येते.