ब्रेक-इव्हन कळला, म्हणजे लिव्हरेज कळलं असं नाही

जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिक चटई विणणाऱ्या छोट्या युनिटच्या मालकाला विचारा, "भाऊ, महिन्याला किती माल गेला की खर्च निघतो?" आकडा त्याच्या तोंडावर असतो. पण विक्री दहा टक्के घसरली तर नफा किती घसरेल, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "दहा टक्केच ना!" इथेच घोटाळा होतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ब्रेक-इव्हन देतो, दुसऱ्याचं ऑपरेटिंग लिव्हरेज. दोन्ही एकाच हिशोबातून निघतात, म्हणून सारखे वाटतात.

एक कल्पित युनिट घेऊ. चटई १२० रुपयांना जाते. दाणा, रंग, पॅकिंग, नगावर दिलेली मजुरी आणि मशीन चालल्यावर पडणारी वीज मिळून चटईमागे ९० रुपये चालता खर्च. उरले ३० रुपये, याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. शेडचं भाडं, कायम माणसांचे पगार, घसारा, विमा असा स्थिर खर्च महिना ३ लाख. वीजबिल दोन्हीकडे वाटावं लागतं: डिमांड चार्ज मशीन बंद असलं तरी येतो, वापरलेल्या विजेचा आकार मात्र उत्पादनाबरोबर वरखाली होतो. सगळं बिल एकाच रकान्यात टाकलं तर पुढचे दोन्ही आकडे चुकतात.

३ लाखांना ३० ने भागलं की १०,००० चटया. हा ब्रेक-इव्हन. उत्तर नगांत येतं आणि विक्री आज किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भाव आणि खर्च तेच राहिले तर तो जागचा हलत नाही.

लिव्हरेजचं तसं नाही. ते काढायला आजची विक्री लागतेच. समजा महिन्याला १२,५०० चटया जातात. कॉन्ट्रिब्युशन ३,७५,००० झालं, त्यातून स्थिर खर्च वजा जाता नफा ७५,०००. कॉन्ट्रिब्युशनला नफ्याने भागलं की ५. म्हणजे विक्री १० टक्के हलली तर नफा ५० टक्के हलणार. पडताळून पाहा: ११,२५० चटयांवर कॉन्ट्रिब्युशन ३,३७,५००, नफा ३७,५००. बरोबर निम्मा. विक्री तेवढीच वाढली असती तर नफाही तेवढाच वर गेला असता.

हाच कारखाना २०,००० चटया विकू लागला तर नफा ३ लाख होतो आणि लिव्हरेज २ वर येतं. स्थिर खर्च तोच, यंत्रं तीच, तरी आकडा बदलला. म्हणून "स्थिर खर्च जास्त म्हणजे लिव्हरेज जास्त" हे पुस्तकी वाक्य मला अर्धवट वाटतं. तुम्ही ब्रेक-इव्हनपासून किती पुढे आहात, त्यावर ते ठरतं. १२,५०० पैकी वरच्या २,५०० चटया म्हणजे विक्रीचा पाचवा हिस्सा, म्हणून लिव्हरेज ५. बिंदूच्या अगदी जवळ हा आकडा प्रचंड फुगतो, नेमक्या बिंदूवर तो काढताच येत नाही, कारण शून्य नफ्याने भागायचं कसं?

आता नवे लूम घ्यायचे ठरले. मजुरी आणि वेस्टेज कमी होऊन चालता खर्च ८० वर आला, पण स्थिर खर्च ४ लाख झाला. कॉन्ट्रिब्युशन ४०, ब्रेक-इव्हन पुन्हा १०,०००. १२,५०० वर लिव्हरेजही पुन्हा ५. कागदावर काहीच बदललं नाही असं वाटतं, पण रुपयांत फरक मोठा आहे. नफा ७५,००० ऐवजी १ लाख, आणि मंदीत विक्री ८,००० वर आली तर तोटा ६०,००० ऐवजी ८०,०००. हा फरक दोन्हींपैकी एकही आकडा दाखवत नाही, त्यासाठी चटईमागचं कॉन्ट्रिब्युशनच पाहावं लागतं.

आणखी एक गोष्ट बँकेत फाईल नेताना अडते. ऑपरेटिंग लिव्हरेजमध्ये कर्जाचं व्याज धरत नाहीत, ब्रेक-इव्हनमध्ये मात्र बरेच मालक धरतात. जुन्याच लूमवर महिना ४५,००० व्याज असेल तर त्यांचा बिंदू ११,५०० वर सरकतो. मग लिव्हरेज ५ धरून "विक्री दहा टक्के पडली तरी ३७,५०० उरतील" असं म्हणणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात ७,५०० चा तोटा पडतो. हप्त्यातली मुद्दल तर दोन्ही हिशोबांत खर्च म्हणून येतच नाही, ती वेगळ्या कागदावर मांडावी लागते.