थर्मल रनअवे : लिथियम-आयन सेलमधली अनियंत्रित तापवाढ

लिथियम-आयन सेलच्या आत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली, की सेल तापू लागतो. तापमान वाढले की आतल्या अभिक्रियांचा वेग वाढतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. आपल्याच उष्णतेवर पोसल्या जाणाऱ्या या चक्राला थर्मल रनअवे म्हणतात. नुसता तापलेला सेल आणि उधळलेला सेल यांत फरक करायची खूण सोपी आहे. बाहेरची उष्णता किंवा चार्जिंग बंद केल्यावर पहिला निवत जातो, दुसरा तापतच राहतो.

मूळ गणित रासायनिक स्फोटांच्या सिद्धांतातून आले आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव यांनी १९२८ च्या सुमारास ते मांडले. सेलमधून बाहेर जाणारी उष्णता सेल आणि भोवतालच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात, म्हणजे सरळ रेषेत वाढते. अभिक्रियांतून निघणारी उष्णता मात्र ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होते. कधीतरी दुसरी वाढ पहिलीला मागे टाकते, आणि त्यानंतर सेल स्वतःहून शांत होत नाही. प्रयोगशाळेत सेल उष्णतारोधक कक्षात ठेवून थोडा थोडा तापवतात आणि तो स्वतःच्या बळावर तापतो का ते पाहतात. मिनिटाला ०.०२ अंश एवढी स्वतःची तापवाढ दिसली की सुरुवात झाली असे मानतात. सेकंदाला एक अंश हा वेग गाठला की त्याला रनअवे म्हणतात. या दोहोंच्या मध्ये कित्येक तास जाऊ शकतात, पण पुढचा सगळा खेळ काही सेकंदांचा असतो.

आत घडणाऱ्या गोष्टींचा क्रम बहुतेक सेलमध्ये सारखा असतो. साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ग्राफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडवरचा पातळ रक्षक थर विघटित होऊ लागतो. हा थर पहिल्या चार्जिंगच्या वेळी तयार झालेला असतो आणि ग्राफाइटमध्ये साठलेल्या लिथियमला द्रव इलेक्ट्रोलाइटपासून दूर ठेवतो. तो गेला की दोघांची थेट अभिक्रिया सुरू होते, वायू तयार होतो आणि सेलमधला दाब वाढतो. १३० अंशांच्या आसपास दोन इलेक्ट्रोडना वेगळे ठेवणारा पॉलिइथिलीनचा पडदा, म्हणजे सेपरेटर, वितळतो. पॉलिप्रॉपिलीनचा थर असला तर तो १६५ अंशांपर्यंत तग धरतो. सेपरेटर आक्रसला की दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना भिडतात आणि सेलमधली विद्युत ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन बाहेर येते. त्यानंतर धन इलेक्ट्रोडचा ऑक्साइड विघटित होतो आणि ऑक्सिजन सोडतो. निकेल जितके जास्त तितके हे कमी तापमानाला घडते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे तो सहजी सुटत नाही, म्हणून ते सेल उशिरा उधळतात आणि उधळले तरी कमी तापतात. मात्र त्यांच्यातूनही ज्वलनशील वायू निघतो, त्यामुळे त्यांना ‘न पेटणारे’ म्हणणे चुकीचे आहे.

या साखळीची पहिली कडी चार वाटांनी ओढली जाते. सेल चेपला किंवा त्यात काही घुसले, तो प्रमाणाबाहेर चार्ज झाला, बाहेरून तापला, किंवा त्याच्या बांधणीतच दोष राहिला. अतिचार्जिंगमध्ये, तसेच शून्य अंशांखाली वेगाने चार्ज करताना, लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूरूपात साचते. असा साचलेला सेल पुढे कमी तापमानालाही उधळू शकतो. सगळ्यांत अवघड वाट बांधणीतल्या दोषाची. कारखान्यातून आलेला धातूचा बारीक कण किंवा वेल्डिंगचा टोकदार अवशेष महिनोन्‌महिने काही करत नाही आणि एके दिवशी सेपरेटर भेदतो. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलेक्सी नोट ७ हा फोन परत घ्यावा लागला, तेव्हा तपासात दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष सापडले. एकीत ऋण इलेक्ट्रोडची कोपऱ्यातली टोके वाकलेली होती, दुसरीत वेल्डिंगच्या जागी टोकदार कंगोरे उरले होते. असा दोष बाहेरून मोजता येत नाही. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम म्हणजे बीएमएस अतिचार्जिंग थांबवू शकते, आतला कण काढू शकत नाही. म्हणून अनेक सेल जोडून केलेला चांगला पॅक एखादा सेल कधीतरी उधळणारच असे गृहीत धरून बांधतात. खरा प्रश्न त्याच्या शेजारच्या सेलचा असतो.

तो प्रश्न आकड्यांत मांडला की लगेच स्पष्ट होतो. १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, ३ अँपिअर-तास क्षमतेचा दंडगोल सेल घेऊ. सरासरी ३.६ व्होल्टला त्यात सुमारे ११ वॅट-तास, म्हणजे ३९ हजार ज्यूल साठतात. त्याचे वजन ४७ ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे तो एक अंश तापवायला साधारण ४५ ज्यूल लागतात. शेजारचा सेल २५ अंशांवरून १५० अंशांपर्यंत न्यायचा तर १२५ गुणिले ४५, म्हणजे ५,६०० ज्यूल पुरतात. उधळलेल्या सेलच्या विद्युत ऊर्जेचा हा जेमतेम सातवा हिस्सा. मधमाशीच्या पोळ्यासारख्या दाट रचनेत एका सेलला सहा शेजारी असतात. ती ऊर्जा सहा जणांत वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला ६,५०० ज्यूल येतात. रासायनिक अभिक्रिया आणि बाहेर पडलेल्या वायूंचे ज्वलन यांची उष्णता यात धरलेलीच नाही. मात्र बरीच उष्णता वायू आणि उडणाऱ्या कणांबरोबर सेलच्या तोंडातून निघून जाते, आणि नेमक्या याच गोष्टीचा उपयोग करून पॅक वाचवता येतो.

उपाय दोन दिशांनी जातात. एक दिशा आडकाठीची. सेलांमध्ये काही मिलिमीटर अंतर ठेवून त्यात अभ्रकाचे पत्रे, सिरॅमिक तंतूंची चादर किंवा एअरोजेल घालतात, म्हणजे उष्णता पोहोचायला उशीर होतो. दुसरी दिशा वाटून घेण्याची. ॲल्युमिनियमची पट्टी किंवा शीतक वाहणारी नळी सेलांना चिकटवतात, म्हणजे उष्णता दोन-तीन शेजाऱ्यांत न अडकता डझनभरांत पसरते आणि कुणाचेच तापमान धोक्याच्या रेषेपर्यंत जात नाही. मेणासारखा वितळणारा पदार्थही वापरतात. पॅराफिन ग्रॅममागे सुमारे २०० ज्यूल गिळते, म्हणजे वीस हजार ज्यूल पचवायला त्याचे शंभर ग्रॅम लागतात, दोन सेलांच्या वजनाहून अधिक. वजन मोजूनमापून ठरवावे लागते अशा ठिकाणी ते परवडत नाही. माझ्या मते दोन्ही दिशांची जोड हाच शहाणा मार्ग. नुसती आडकाठी घातली तर उष्णता त्याच सेलभोवती कोंडते, आणि नुसती धातूची पट्टी लावली तर तीच पट्टी शेजाऱ्यापर्यंत उष्णता नेते.

विजेची वाटही तोडावी लागते, आणि ती अनेकदा विसरली जाते. समांतर जोडलेल्या चाळीस सेलांपैकी एकात आतून शॉर्ट झाला, तर उरलेले एकोणचाळीस त्याच्यात करंट ओततात. म्हणून प्रत्येक सेल अगदी बारीक तारेने मुख्य पट्टीला जोडतात. करंट वाढला की ती तार वितळते आणि सेल एकटा पडतो. समांतर गटात बिघडलेल्या सेलचे व्होल्टेज इतरांच्या आड झाकले जाते, त्यामुळे बीएमएसला फक्त व्होल्टेजवर भरवसा ठेवता येत नाही. सगळ्यांत आधी दिसणारी खूण बहुधा वायूची असते. दाब वाढला की सेलच्या टोपीतला व्हेंट फुस्स करून उघडतो आणि इलेक्ट्रोलाइटची पांढरी वाफ बाहेर येते. ही वाफ पाण्याची समजणे घातक आहे. त्यात पेट घेणारे द्रावक असतात, आणि पुढे हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड व विषारी हायड्रोजन फ्लोराइडही त्यात मिसळतात.

या वायूला जायला वाट हवी. पॅकच्या खोक्यात व्हेंट एका मोकळ्या कप्प्यात उघडतात, तिथून वायू ठरलेल्या छिद्रातून बाहेर जातो आणि इतर सेलांवर त्याचा झोत येत नाही. खोके हवाबंद ठेवणे किंवा ज्वाला विझवून गप्प बसणे याने काम होत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सरप्राइज इथल्या वीज साठवण केंद्रात १९ एप्रिल २०१९ रोजी सेल उधळले. ज्वाला विझवणारा वायू सोडला गेला, पण सेलांची आतली उष्णता त्याने थांबली नाही आणि ज्वलनशील वायू कंटेनरमध्ये साचत राहिला. दार उघडल्यानंतर स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे जवान जखमी झाले.

आडकाठी नसलेला पॅक कसा वागतो, याचा सर्वांत नीट तपासलेला दाखला बोइंग ७८७ विमानाचा आहे. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनच्या लोगन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात मागच्या भागातली बॅटरी पेटली. प्रवासी उतरून गेले होते, धूर सफाई कर्मचाऱ्यांच्या लक्षात आला. विमानाचे उड्डाण जेमतेम १६९ तास झाले होते. बॅटरीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे आठ मोठे सेल एका धातूच्या पेटीत शेजारी शेजारी होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार एका सेलमध्ये आतून शॉर्ट झाला आणि रनअवे इतर सेलांत पसरला. आधीच्या मूल्यमापनात बॅटरीतून धूर येण्याची शक्यता एक कोटी उड्डाणतासांत एकापेक्षा कमी धरली होती. प्रत्यक्षात सर्व विमानांचे मिळून एक लाख तासही भरले नव्हते, आणि १६ जानेवारीला जपानमध्ये दुसरी घटना घडली. मुळातले गृहीतक असे होते की एक सेल बिघडला तर तो तेवढाच वायू सोडेल. खिळा घुसवून केलेल्या चाचणीत तसेच दिसले होते, पण ती चाचणी विमानातल्या प्रत्यक्ष परिस्थितीशी पुरेशी जुळणारी नव्हती.

चाचण्यांतला असा उणेपणा भरून काढायला अमेरिकेच्या नासा आणि राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने सेलच्या आत बसवायचा एक छोटा शॉर्ट घडवून आणणारा घटक तयार केला. धातूच्या दोन चकत्यांमध्ये मेणाचा पातळ थर असतो. सुमारे ५७ अंशांना मेण वितळते, चकत्या भिडतात आणि खराखुरा आतला शॉर्ट घडतो. त्यासाठी सेल आधी खूप तापवावा लागत नाही की टोचावाही लागत नाही. पॅकमधल्या हव्या त्या सेलला उधळायला लावून शेजारी टिकतो का हे पाहता येते.

७८७ च्या नव्या बॅटरीत सेलांमध्ये विद्युत आणि उष्णतारोधक थर आले, चार्जिंगच्या व्होल्टेजची कक्षा अरुंद झाली, आणि सारी बॅटरी पोलादी कवचात ठेवून त्यातून वायू थेट विमानाबाहेर नेणारी नळी काढली. एप्रिल २०१३ अखेर उड्डाणे पुन्हा सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये नारिता विमानतळावर उभ्या असलेल्या एका ७८७ च्या बाहेर पांढरा धूर दिसला. आठपैकी एका सेलने वायू सोडला होता. उरलेले सात सेल जागच्या जागी होते.