व्हिसा गाइडलाइन्सचा सारांश

व्हिसा गाइडलाइन्सचा सारांश म्हणजे एखाद्या देशाच्या व्हिसाबद्दलची लांबलचक अधिकृत माहिती वाचून ती चार कप्प्यांत बसवणं: कागदपत्रं कुठली, फी किती, वेळ किती लागतो आणि व्हिसा नाकारतात तो कशामुळे. वरवर हे कॉपी-पेस्टचं काम वाटतं, पण गाइडलाइन्समधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्यातरी अटीला बांधलेलं असतं आणि सारांश करताना सगळ्यात आधी कात्री लागते ती नेमकी त्या अटीलाच. मग "15 दिवसांत व्हिसा" असं सुटसुटीत वाक्य उरतं आणि वाचणारा त्यावर विश्वास ठेवून विमानाची तिकिटं काढून बसतो.

हे नीट कळायला शेंगेन व्हिसाचं उदाहरण सगळ्यात बरं, कारण युरोपातल्या 29 देशांना एकच नियमावली आहे, तिला व्हिसा कोड म्हणतात. मूळ कोड 2009 चा, त्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती 2 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाली. इथे फक्त शॉर्ट स्टे व्हिसाबद्दल बोलू, म्हणजे कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहायचा. शिक्षण किंवा नोकरीसाठी लांब मुक्कामाचा व्हिसा ज्या त्या देशाच्या कायद्याने मिळतो, त्याची फी आणि कागदपत्रं वेगळी, आणि हे दोन एकाच सारांशात मिसळले की सगळंच चुकतं.

समजा एक कुटुंब आहे, नवरा-बायको, 9 वर्षांची मुलगी आणि 4 वर्षांचा मुलगा. 1 मे 2026 ला इटलीत उतरायचं, तिथे 5 दिवस, मग फ्रान्समध्ये 9 दिवस आणि 14 मे ला परत. त्यांच्यासाठी सारांश करायचाय.

चार कप्प्यांच्या आधी एक ओळ हवीच, ती म्हणजे अर्ज कुठल्या देशाकडे करायचा. बरेच जण समजतात की जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे, पण तसं नाहीये. मुख्य ठिकाण जे असेल, म्हणजे मुक्कामाचे दिवस किंवा प्रवासाचा हेतू बघता जो देश महत्त्वाचा, तिथे अर्ज जातो, आणि तसं एकच ठिकाण ठरवता येत नसेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश. या कुटुंबासाठी फ्रान्स, इटली नाही. चुकीच्या देशाकडे दिलात तर अर्ज परत येतो, व्हिसा फी पण परत मिळते, पण मधले दिवस गेले ते गेलेच.

आता कागदपत्रं. सारांशात सहसा पंधरा-वीस गोष्टींची एक सरळ यादी देतात आणि माझ्या मते तिथेच घोटाळा होतो, कारण नियमाच्या नजरेत ही कागदपत्रं दोन जातींची आहेत. पहिली जात म्हणजे सही केलेला फॉर्म, नियमात बसणारा पासपोर्ट आणि फोटो, त्याच्या जोडीला बोटांचे ठसे आणि भरलेली फी, आणि हे सगळं ठरलेल्या मुदतीत. यातलं काही राहिलं तर अर्ज तपासायलाच घेत नाहीत, तो परत करतात, फी परत देतात आणि ठसे नष्ट करतात. म्हणजे हा नकार नसतो. दुसरी जात म्हणजे आधाराची कागदपत्रं: इन्शुरन्स, हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, रजेची मंजुरी वगैरे. ही कमी किंवा कच्ची असली तरी अर्ज तपासायला जातो, आणि मग जो निकाल येतो तो खरा नकार असतो, त्यात फी परत नाही. म्हणून सारांशात या दोन जाती वेगळ्या लिहायच्या, नाहीतर वाचणाऱ्याला फोटो आणि बँक स्टेटमेंट एकाच तोलाचे वाटतात.

पासपोर्टच्या अटी तीन आहेत आणि तिन्ही लिहाव्या लागतात. तो गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, दोन तरी पानं कोरी हवीत आणि शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालू हवा. आपल्या कुटुंबाचं परतीचं 14 मे, म्हणजे पासपोर्ट निदान 14 ऑगस्ट 2026 पर्यंत चालायला हवा. समजा बायकोचा पासपोर्ट 30 जुलैला संपतोय, तर प्रवासात तो पूर्ण वेळ चालू असूनही अडतो. सारांशात नुसतं "वैध पासपोर्ट" लिहिलं तर ही बाई बिनधास्त अपॉइंटमेंटला जाईल आणि तिथून हात हलवत परत येईल.

इन्शुरन्सचंही तेच. किमान 30,000 युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरून, आणि राहण्याचे सगळे दिवस झाकणारं. जायचा आणि यायचा दोन्ही दिवस मोजतात, म्हणजे इथे 14 दिवस. फक्त इटली-फ्रान्सपुरती पॉलिसी घेतली, किंवा ती 13 मे ला संपत असली, की गडबड.

आधाराच्या कागदपत्रांबद्दल अजून एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे ही यादी अर्ज कुठून करताय त्यावरही बदलते, कारण एकाच देशात असलेले शेंगेन दूतावास मिळून तिथल्या अर्जदारांसाठी यादी ठरवतात. म्हणून सारांशाच्या डोक्यावर "अमुक देशात राहणाऱ्यांसाठी" हे लिहिलेलं हवं, दुसरीकडे राहणाऱ्या मित्राची यादी उचलून चालत नाही.

फी सोपी आहे, पण एका आकड्यात मावत नाही. 11 जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 पूर्ण पण 12 वर्षांखालच्या मुलांना 45 युरो, 6 वर्षांखालच्यांना काही नाही. आपल्या कुटुंबाचे 90 + 90 + 45 + 0, म्हणजे 225 युरो. यात दूतावासाच्या वतीने अर्ज घेणाऱ्या बाहेरच्या सेंटरची सर्व्हिस फी नाही, ती वेगळी असते आणि साधारण नियम असा की ती व्हिसा फीच्या निम्म्याहून जास्त नसावी. एसएमएस, कुरिअर, लाउंज हे ऐच्छिक असतं, सारांशात ते "फी" या मथळ्याखाली टाकू नये कारण मग कुठलं टाळता येतं तेच कळत नाही.

वेळेच्या कप्प्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा थांबू. नियमात तीन वेगवेगळी घड्याळं आहेत. एक, अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि सर्वसाधारणपणे 15 दिवस आधीपर्यंत द्यावा लागतो. या कुटुंबासाठी 1 नोव्हेंबर 2025 ते 16 एप्रिल 2026. दोन, निकाल 15 कॅलेंडर दिवसांत द्यायचा असतो, पण मोजणी अपॉइंटमेंट बुक केल्यापासून नाही तर स्वीकारण्याजोगा अर्ज दाखल झाल्यापासून होते. तीन, एखाद्या केसमध्ये जास्त तपास लागला तर हेच 15 चे 45 दिवस होऊ शकतात. अपॉइंटमेंटसाठी वाट बघण्याचा वेळ यात कुठेच धरलेला नाही, सीझनमध्ये तोच सगळ्यात लांब असू शकतो.

आता तारखा घालून बघा. कुटुंबाने 20 मार्चला अर्ज दिला तर 15 दिवसांच्या हिशोबाने 4 एप्रिलला निकाल, मस्त वाटतं. पण 45 लागले तर 4 मे, आणि विमान तर 1 मे ला उडालेलं. म्हणजे 16 एप्रिल ही कायद्याने शेवटची तारीख असली तरी निर्धास्त राहायचं तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज आत गेलेला हवा, आणि अपॉइंटमेंट त्याच्याही आधी धरलेली. सारांशात "15 दिवस, काही केसेसमध्ये 45, दोन्ही अर्ज दाखल झाल्यापासून" एवढं लिहायला अर्धी ओळ पुरते, तरी बहुतेक ठिकाणी पुढचा भाग उडवलेला दिसतो.

राहिला नकार. शेंगेनमध्ये नकार आला की एक ठरावीक छापील फॉर्म मिळतो, त्यावर कारणांपुढे खूण केलेली असते. त्यामुळे इथे सारांश करणाऱ्याला अंदाज बांधायची गरज नाही, फॉर्मवरची कारणं घ्यायची आणि प्रत्येकापुढे ते कुठल्या कागदाने सुटतं ते लिहायचं. प्रवासाचा हेतू आणि मुक्कामाच्या अटी सिद्ध झाल्या नाहीत, याचं उत्तर प्रवासाचा आराखडा आणि बुकिंग. खर्चाला पुरेसे पैसे दाखवले नाहीत, याचं उत्तर बँक स्टेटमेंट आणि सॅलरी स्लिप. इन्शुरन्स नाही किंवा नियमात बसत नाही, त्याचं उत्तर पॉलिसी. कागद किंवा सांगितलेली माहिती भरवशाची वाटत नाही हे कारण वेगळं आणि मुदत संपायच्या आत परत जाल याबद्दल शंका आहे हे वेगळं, पण लोक दोन्ही एकत्र करून "कागद अपुरे" असं लिहून मोकळे होतात. पहिल्यात कागद एकमेकांशी जुळवायचे असतात, दुसऱ्यात नोकरी, रजा, घर, मुलांची शाळा हे दाखवायचं असतं. याशिवाय खोटा पासपोर्ट, आधीच 90 दिवस वापरून झालेले, शेंगेनच्या माहिती यंत्रणेत प्रवेशबंदीची नोंद अशी कारणं आहेत, त्यांना जादा कागद जोडून उपयोग नाही.

समजा आपल्या कुटुंबाने फॉर्मवर 14 दिवस लिहिले, हॉटेलं 10 रात्रींचीच दाखवली, नवऱ्याच्या रजेच्या पत्रात 8 मे पर्यंतच रजा आहे आणि अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम मोठी रक्कम आलीये जिचा स्रोत कुठेच सांगितलेला नाही. यादीप्रमाणे बघितलं तर एकही कागद कमी नाही, सगळ्यांपुढे टिक होते. तरी तपासणाऱ्याला उरलेल्या रात्री कुठे राहणार, रजा संपल्यावर माणूस तिथे काय करतोय आणि पैसे खरंच त्याचे आहेत का हे तीन प्रश्न पडणारच. म्हणून कागदपत्रांच्या कप्प्यात नावांसोबत "तारखा फॉर्म, तिकीट, हॉटेल, इन्शुरन्स आणि रजेच्या पत्रात सारख्या हव्यात" ही ओळ घालावी, मूळ गाइडलाइन्समध्ये ती अशी एका जागी सापडत नाही.

एक सावधगिरी म्हणजे "नेहमीची कारणं" हा मथळा. नियमात नकाराची कारणं दिलेली असतात, कुठलं किती वेळा लागतं हे नसतं, त्यामुळे आकडेवारी हातात नसताना "सगळ्यात जास्त नकार यामुळे येतात" असं ठोकून देऊ नये, नियमातली कारणं म्हणून लिहावीत.

नकारानंतर अपील करता येतं, ज्या देशाने नकार दिला त्याच्या कायद्याप्रमाणे, मुदत आणि पद्धत नकाराच्या कागदावरच दिलेली असते. नव्याने अर्जही करता येतो, पण त्याची फी पुन्हा पूर्ण. आणि सारांशाखाली कुठल्या तारखेची माहिती आहे ते टाकायचं राहू देऊ नका, फीचा दर तीन वर्षांनी आढावा घ्यायची तरतूद कोडमध्येच आहे, 80 युरो लिहिलेले 2024 च्या आधीचे सारांश अजूनही फिरताना दिसतात.