आकृतीतील त्रिकोण व चौरस मोजणे

एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या आकृतीत लहान-मोठे किती त्रिकोण व चौरस दडले आहेत, हा प्रश्न महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत नेहमीचा आहे. त्यात चूक दोन बाजूंनी होते: अनेक तुकडे मिळून झालेला मोठा आकार नजरेतून सुटतो किंवा एकच त्रिकोण ‘कखग’ आणि ‘गकख’ अशा दोन नावांनी दोनदा धरला जातो. शिरोबिंदूंऐवजी तुकड्यांना क्रमांक देऊन प्रत्येक आकाराची नोंद त्याच्या क्रमांकांनी केली, तर दुसरी चूक उरतच नाही.

दोन्ही कर्ण आणि समोरासमोरच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडणाऱ्या दोन रेषा काढलेला चौरस घ्यावा. वरच्या मध्यबिंदूपासून उजवीकडे फिरत त्याच्या आठ तुकड्यांना १ ते ८ क्रमांक द्यावेत. प्रत्येक तुकडा त्रिकोण आहे, म्हणून ८ झाले. लगतच्या दोन तुकड्यांपैकी १-२, ३-४, ५-६, ७-८ या जोड्या चौरस होतात, तर २-३, ४-५, ६-७, ८-१ या जोड्या त्रिकोण होतात. हाच फरक घाईत विसरला जातो. तीन तुकड्यांचा समलंब चौकोन होतो. सलग चार तुकडे कर्णापासून सुरू झाले (उदाहरणार्थ २-३-४-५) तर अर्ध्या चौरसाएवढा त्रिकोण मिळतो, मधल्या रेषेपासून सुरू झाले तर आयत. पाच, सहा किंवा सात तुकड्यांच्या आकाराला केंद्रापाशी खाच पडते, तेव्हा तो त्रिकोण किंवा चौरस असूच शकत नाही. एकूण त्रिकोण ८ + ४ + ४ = १६ आणि बाहेरचा धरून चौरस ५.

हे उत्तर तुकडे न पाहताही पडताळता येते, आणि ती पडताळणी मला अधिक विश्वासाची वाटते, कारण त्रिकोण म्हणजे तीन वेगळ्या दिशांच्या, एकसंपाती नसलेल्या तीन रेषा. येथे आडव्या ३, उभ्या ३ आणि कर्ण २ आहेत. आडवी, उभी आणि एक कर्ण अशी त्रिकुटे १८ होतात. दोन्ही कर्ण आणि एक आडवी किंवा उभी रेषा अशी ६. या २४ पैकी एकाच बिंदूतून जाणारी ८ वजा केली, की १६ उरतात.

याच आकृतीत लगतच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडले, की त्रिकोण ४४ होतात. तेथे दुसरी रीत जपून वापरावी लागते: वरची बाजू आणि खालच्या उजव्या कोपऱ्याजवळची तिरकी रेषा वाढवल्यास मिळतात, पण आकृतीच्या बाहेर, म्हणून तसली त्रिकुटे वगळावी लागतात. चौरस १० होतात, त्यांपैकी ५ तिरपे असतात आणि बहुधा तेच निसटतात. कागद ४५ अंशांनी फिरवून धरला की ते सरळ दिसतात.